हातातले नाणे, मांडीवरचे नाणे

नाण्यांचा एक्का आणि नाण्यांची राणी हे दोन पत्ते प्रेमाच्या प्रश्नावर एकत्र निघाले की टॅरो सांगणाऱ्यांच्या तोंडून हल्ली एकच वाक्य येते. व्यवहार कळणारा, जीव लावणारा, स्थिर आयुष्य देणारा जोडीदार तुमच्या वाटेवर आहे. आपल्याकडचे बहुतेक रीडर या पत्त्यांना ‘एस ऑफ पेंटॅकल्स’ आणि ‘क्वीन ऑफ पेंटॅकल्स’ म्हणतात. मी इथे एक्का आणि राणी म्हणेन. हे वाक्य आता इतके घोटून पाठ झाले आहे की ते म्हणण्यासाठी पत्त्यांकडे पाहावेही लागत नाही, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे. दोन्ही पत्ते समोर ठेवून नीट पाहिले तर त्यांतून हे वाक्य निघत नाही. ‘वाटेवर आहे’ हे चित्रात नाही, ‘देणारा’ हेही नाही. जे चित्रात आहे ते विचारणाऱ्याच्या जास्त कामाचे आहे, आणि तेच सांगायचे राहून जाते.

टॅरो म्हणजे थोतांड, एवढे म्हणून निघून जाणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. पत्त्यांना भविष्य कळत नाही हे मलाही मान्य आहे. पण माणसे ते पुढ्यात मांडून बसतात आणि त्यांच्या आधाराने लग्नाचे निर्णय घेतात, तोवर ते कसे वाचले जातात हा प्रश्न शिल्लक राहतो. प्रत्येक पत्ता म्हणजे तुमच्याच मनाचे प्रतिबिंब, असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. सगळ्याच पत्त्यांचा अर्थ ‘तुम्ही’ असेल तर ७८ निरनिराळी चित्रे काढायचे कारण नव्हते. मला बोलायचे आहे ते या दोन्हींपेक्षा लोकप्रिय असलेल्या तिसऱ्या मताविषयी. राजा, राणी, सरदार, सेवक यांपैकी कोणताही पत्ता निघाला की तो एक हाडामांसाचा माणूस आहे, आणि प्रेमाच्या प्रश्नात तो येणारा माणूस आहे, असे हे मत मानते.

त्याआधी चित्रे. टॅरोचा इतिहास थोडाबहुत सर्वांना ठाऊक असतो. पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीतले खेळायचे पत्ते, अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये त्यांना चिकटवलेले इजिप्तचे गूढ, पुढे लंडनच्या गूढविद्येच्या मंडळांनी केलेली मांडणी. आज हातात येणारा कॅट बहुतेक वेळा १९०९ साली लंडनच्या विल्यम रायडर अँड सन यांनी काढलेला असतो, किंवा त्यावरून बेतलेला असतो. योजना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. स्मिथबाईंनी त्याच वर्षी एका पत्रात कळवले होते की काम फार मोठे आहे आणि मोबदला फारच थोडा. १९५१ साली कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी त्या वारल्या तेव्हा त्यांच्यामागे कर्ज होते. नाण्यांच्या पत्त्यांवर बोलताना मला हे विसरता येत नाही. पण त्यांची दुसरी एक गोष्ट इथे अधिक महत्त्वाची आहे. त्या लंडनच्या लायसियम नाटक मंडळीत वावरलेल्या होत्या, रंगभूमीसाठी त्यांनी काम केले होते. त्यांच्या पत्त्यांवरची माणसे रंगमंचावरच्या माणसांसारखी बोलतात, म्हणजे चेहऱ्यापेक्षा बसण्या-उभे राहण्यातून आणि हातांच्या ठेवणीतून. म्हणून त्यांचा पत्ता वाचायचा तर आधी हात कुठे आहेत ते पाहावे.

एक्क्यावर एकच हात आहे. तो ढगातून बाहेर आला आहे आणि त्याच्या तळव्यावर एक मोठे सोनेरी नाणे आहे, नाण्यावर पंचकोनी तारा. खाली बाग आहे, पांढरी लिली फुललेली, आणि एक पायवाट फुलांच्या कुंपणातल्या कमानीपर्यंत जाते. कमानीपलीकडे डोंगर दिसतात. बागेत माणूस नाही. हात कोणाचा ते कळत नाही, कारण हाताला शरीर नाही. नाणे घेणाराही चित्रात नाही. देऊ करण्याची क्रिया तेवढी आहे, आधीचे काही नाही आणि नंतरचेही काही नाही.

राणी याच्या अगदी उलट आहे. ती एका जड दगडी सिंहासनावर बसली आहे. त्यावर बोकडाची शिरे कोरलेली आहेत, डोक्यावर फुलांनी लगडलेली वेल झुकली आहे, पायाशी कोपऱ्यात एक ससा आहे. तिच्या मांडीवर नाणे आहे आणि ते तिने दोन्ही हातांनी धरले आहे. मान खाली, नजर नाण्यावर. तिची माया, तिचे सुगरणपण, तिचा घरंदाज उबदारपणा यांविषयी इतके लिहिले गेले आहे की साधी गोष्ट नजरेतून सुटते. या चित्रात ती कोणालाही काहीही देत नाही. चार राण्यांपैकी समोर हात पुढे केलेली एकच आहे, तलवारींची, आणि तिला सगळे कोरडी म्हणतात. नाण्यांच्या राणीचे दोन्ही हात गुंतलेले आहेत. ज्या मायेविषयी आपण बोलतो ती चित्रात आहे, पण ती सांभाळण्याची माया आहे. ससा तिच्या पायाशी निर्धास्त आहे आणि वेल फुललेली आहे, कारण इथे कोणीतरी बराच काळ बसून लक्ष ठेवले आहे.

आता त्या तिसऱ्या मताकडे येते. त्याच्याशी मला सविस्तर भांडायचे आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या बायकांचे सर्वांत जास्त नुकसान त्याने केलेले मी पाहिले आहे.

या मताला आधार आहे, हे खरे. वेट यांनी स्वतः पत्ते आणि माणसे यांची जुळणी सांगितली आहे. चौकशी ज्याच्याविषयी आहे त्याच्यासाठी एक पत्ता आधी निवडून ठेवायचा, आणि तो निवडायचा वर्णावरून. सोनेरी किंवा तांबूस केसांच्या गोऱ्या माणसांना दंडांचे पत्ते, त्याखालोखाल पेल्यांचे, गडद तपकिरी केसांना तलवारींचे, आणि काळे केस, काळे डोळे, सावळी किंवा निस्तेज कांती असलेल्यांना नाण्यांचे. शिवाय वय: चाळिशीपुढच्या बाईला राणी, त्याहून लहान असेल तर सेवक. हा नियम एडवर्डकालीन लंडनच्या एका दिवाणखान्यात चालला असेल. महाराष्ट्रात तो लावून पाहा. काळे केस आणि काळे डोळे ही खूण धरली तर आपल्यातला जवळजवळ प्रत्येक माणूस नाण्यांचा ठरतो, आणि जी खूण सर्वांना लागू पडते ती कोणालाच ओळखवून देत नाही. वेट यांनाही ही अडचण जाणवली असावी. वर्णाने अतिशय सावळा माणूस फार उत्साही असेल तर त्याला नाण्यांपेक्षा तलवारींचा पत्ता बरा, अशी सूट त्यांनी दिली आहे. म्हणजे वर्ण चालेना तेव्हा स्वभाव घ्यायचा. आणि लक्षात घ्या, हे सगळे आधी निवडून ठेवायच्या पत्त्याविषयी आहे. पिसलेल्या कॅटातून आपोआप वर आलेला प्रत्येक दरबारी पत्ता हा येणारा जोडीदार आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही.

यावर उत्तर दिले जाते ते असे: ठीक आहे, वर्ण सोडा, स्वभाव घ्या. राणी म्हणजे व्यवहारी, काळजी घेणारा स्वभाव, आणि तो स्वभाव घेऊन कोणीतरी येणार. तो पुरुषही असू शकतो, याला माझी हरकत नाही. स्वयंपाक करणारे, घर सांभाळणारे पुरुष मला माहीत आहेत, आणि राणीचे बाईपण घट्ट धरून बसण्याचे कारण नाही. हरकत आहे ती ‘येणार’ला. साधा हिशेब करू. कॅटात ७८ पत्ते, त्यांत दरबारी १६. तीन पत्त्यांच्या मांडणीत यांपैकी किमान एक निघण्याची शक्यता अर्ध्याहून किंचित जास्त आहे. वेट यांच्या दहा पत्त्यांच्या प्रसिद्ध मांडणीत ती शेकडा ९१ आहे. दरबारी पत्ता म्हणजे येणारा माणूस, हे खरे मानले तर दहा पत्ते मांडणाऱ्या शंभर जणींपैकी एक्याण्णव जणींच्या आयुष्यात कोणीतरी येणारच आहे. हे पत्त्यांचे म्हणणे नाही, कॅटाच्या रचनेचा तो परिणाम आहे. जो नियम बहुतेक वेळा ‘हो’ म्हणतो, त्याचा ‘हो’ एखाद्या एकाकी माणसापुढे ठेवणे मला क्रूर वाटते.

मग सांगितले जाते की ही विशिष्ट जोडी दुर्मीळ आहे, म्हणून तिला अर्थ आहे. तीन पत्त्यांत एक्का आणि राणी दोन्ही येण्याची शक्यता १००१ मध्ये एक, हे बरोबर आहे. पण कोणत्याही दोन ठरावीक पत्त्यांची शक्यता तेवढीच असते. तीन पत्ते मांडले की त्यात तीन जोड्या तयार होतात आणि त्यांतली प्रत्येक तितकीच दुर्मीळ असते. हिला मान द्यायचा आणि तीन तलवारींना सेवकाबरोबर पाहून दुर्लक्ष करायचे, हे पत्ते ठरवत नाहीत, आपली इच्छा ठरवते. राणीच्या राशीवरून महिना काढून डिसेंबर-जानेवारीत लग्न सांगणाऱ्यांबद्दल वेगळे बोलत नाही. मूळ दावा टिकत नसेल तर त्याची तारीखही टिकत नाही.

माझा राग गणितावर थांबत नाही. या मताने चित्र गरीब होते. राणी म्हणजे ‘तो’ असे एकदा ठरले की तिच्याकडे बघणे संपते, आणि तिच्या जागी आपल्या लग्नबाजारातले स्थळ येऊन बसते: सुस्थापित, निर्व्यसनी, स्वतःचा फ्लॅट. एक्का म्हणजे त्याचा पगार किंवा तो फ्लॅट. वेट यांनी राणीला दिलेल्या अर्थांत निर्धास्तपणा आहे, पण त्याच्या लगेच शेजारी स्वातंत्र्यही आहे. हा दुसरा अर्थ मी कोणत्याही रीडरच्या तोंडून प्रेमाच्या प्रश्नावर ऐकलेला नाही. सुरक्षितता घेतली आणि स्वातंत्र्य टाकून दिले, कारण आपल्या डोक्यातल्या स्थळात ते बसत नव्हते. एक्क्याच्या बाबतीत तर स्थैर्य मुळात नाहीच. वेट तिथे तृप्ती आणि आनंद सांगतात, झटपट मिळणारी वार्ताही सांगतात. टिकण्याविषयी अक्षर नाही. आणि पत्ता उलटा पडला तर संपत्तीची वाईट बाजू. ढगातला हात नाणे कितीही पक्के धरून असला तरी तो एका क्षणाचा हात आहे.

मला जो भेद धरून ठेवावासा वाटतो तो इथून निघतो. एका पत्त्यात नाणे हातात आहे, दुसऱ्यात मांडीवर. हातातले नाणे म्हणजे देऊ केलेली गोष्ट. ती खरी आहे की नाही हे तेव्हाच कळते. घर दाखवले, नंबर दिला, येताना डबा आणला, आजारपणात औषध आणून दिले. मांडीवरचे नाणे म्हणजे सांभाळलेली गोष्ट, आणि ती खरी आहे की नाही हे फक्त वेळ सांगते. आपल्याकडे ओटी भरताना हेच दिसते: भरणारीचा हात क्षणात रिकामा होतो, पण जिची ओटी भरली तिला पदर सावरून ते सगळे धरून ठेवायचे असते. देणाऱ्याचे काम संपते तिथे सांभाळणारीचे सुरू होते. लोक ज्याला स्थैर्य म्हणतात ते दुसऱ्या जागेवर राहते, आणि एक्का त्याची हमी देऊ शकत नाही. म्हणून ही जोडी निघाली की मी ‘कोण येणार’ हे विचारत नाही. देऊ कोण करतो आहे आणि सांभाळायचे कोणी, हे विचारते.

एक प्रसंग सांगते, ओळखीच्या खुणा बदलून. चाळिशीच्या आतबाहेरची एक बाई आली होती. घटस्फोट होऊन काही वर्षे झालेली, मुलगा नववीत, स्वतःची नोकरी आणि स्वतःच्या नावावरचा लहानसा फ्लॅट. ज्याच्याविषयी विचारायचे होते तो विधुर, विजेच्या कामांची कंत्राटे घेणारा. तिने त्याच्याविषयी जे सांगितले ते सगळे चांगले होते. इन्व्हर्टर बिघडला तर स्वतः येऊन बसवून जातो, मुलाच्या शिकवणीची चौकशी करतो, पावसाळ्याआधी गच्चीची गळती काढून दिली. दुसऱ्या एका रीडरकडे ती आधी जाऊन आली होती आणि तिथे एक्का आणि राणी निघाली होती. राणी म्हणजे तोच, तुमचा आधार आला, असे तिला सांगितले गेले. तरी ती अस्वस्थ होती, आणि अस्वस्थ का हे तिला सांगता येत नव्हते.

मी पत्ते पुन्हा पिसले नाहीत. तिला मांडणी आठवत होती, फोटोही होता. तीन जागा होत्या: तो काय आणतो, हे नाते काय मागते, मी कशाकडे लक्ष ठेवू. पहिल्या जागी एक्का, दुसऱ्या जागी राणी, तिसऱ्या जागी सहा नाणी. जागा पाहिल्या की पाठ केलेले वाक्य लगेच मोडते. राणी ‘तो काय आणतो’ या जागेवर नव्हतीच. ती ‘हे नाते काय मागते’ इथे होती.

“म्हणजे राणी तो नाही?” तिने विचारले.

“राणी कोण ते पत्ता सांगत नाही,” मी म्हणाले. “बसून राहायला कोणाला तरी लागणार आहे एवढे सांगतो. तुमच्या बोलण्यात बसणारे कोण आहे?”

ती बराच वेळ बोलली. त्याने सुचवले होते की लग्नानंतर तिने आणि मुलाने त्याच्या घरी यावे, तिचा फ्लॅट भाड्याने द्यावा. त्याची आई तिथे होती, तिला दिवसभर कोणीतरी लागत होते. नोकरी सोडा असे तो म्हणाला नव्हता, पण ‘तुम्हाला आता कशाला एवढी धावपळ’ असे दोनदा म्हणाला होता. तो देऊ करत असलेले सगळे खरे होते. पण ते ज्या मांडीवर पडणार होते ती तिचीच होती. घर त्याचे, आणि घराचे टिकणे तिच्या बसून राहण्यावर. आपल्या अस्वस्थतेचे कारण तिला आता दिसले होते, आणि त्यासाठी तो वाईट माणूस असण्याची गरज नव्हती.

तिसरा पत्ता सहा नाण्यांचा. एक धनिक उभा आहे, एका हातात तराजू, दुसऱ्या हाताने तो गुडघे टेकलेल्या माणसांना नाणी देतो आहे. नाण्यांच्या पत्त्यांत दानाचे हे सर्वांत स्पष्ट चित्र, आणि त्यात तराजू आहे. आधीच्या रीडरने याला ‘उदार स्वभाव’ म्हटले होते. ‘लक्ष ठेवण्याच्या’ जागेवर तो पडला असताना मी एवढेच सुचवले की देण्यानंतरचा हिशेब पाहा. इन्व्हर्टर बसवला ती गोष्ट पुढे भांडणात परत निघते का? त्याने केलेल्या मदतीनंतर तुम्हाला ‘नाही’ म्हणणे जड जाते का? आणि देण्याची दिशा कधी बदलते का, म्हणजे तुम्ही काही केले तर तो ते सहज घेतो का? ज्याला घेणे जमत नाही त्याच्या देण्यात तराजू असतोच, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे.

तिने त्याला दोन प्रश्न विचारले, असे नंतर कळवले. आईच्या देखभालीसाठी बाई ठेवायची का, आणि माझा फ्लॅट रिकामा माझ्यासाठीच ठेवला तर चालेल का. पहिल्याला तो लगेच ‘हो’ म्हणाला. दुसऱ्याला त्याने वेळ मागितला. इथे मी निकाल देत नाही, आणि पत्तेही देत नाहीत. पण ‘आधार आला’ या वाक्यानंतर यातला एकही प्रश्न विचारला गेला नसता, कारण आधार आल्यावर माणूस प्रश्न विचारत नाही, बसतो.

कोणी म्हणेल, हे पत्त्यांवाचूनही कळले असते. शहाण्या मैत्रिणीला कळले असते, हे खरे आहे. पण चित्रातला फरक बोट ठेवून दाखवता येतो, आणि ज्या बाईने त्याच पत्त्यांवरून ‘आधार आला’ ऐकले आहे तिला तेच पत्ते नीट वाचून दाखवणे हे मैत्रिणीच्या सल्ल्यापेक्षा जास्त लागू पडते. शिवाय चूक कशी ओळखायची याची एक खूणही यातून हाताला येते. जो माणूस एक्क्यातच राहतो तो पुन्हा पुन्हा नवे काही आणतो आणि जुने कधी दुरुस्त करत नाही. नवा मिक्सर येतो, गळका नळ तसाच. सहलीचे बेत होतात, डॉक्टरची वेळ विसरली जाते. पहिल्या काही महिन्यांत हा माणूस फार प्रेमळ वाटतो आणि त्याची माया खोटीही नसते. त्याचा हात पुन्हा पुन्हा पुढे येतो, एवढेच. दुसरा माणूस पहिल्या भेटीत फारसा भरत नाही. काय आणले असे विचारले तर सांगण्यासारखे थोडेच असते. पण मागच्या वेळी म्हटलेली गोष्ट पुढच्या वेळी न सांगता झालेली असते. ही जोडी वाचताना रीडरला हा फरक सांगता आला नाही, तर स्थैर्याविषयी काहीच सांगितले नाही.

पत्त्यांचा क्रम उलटा असेल तर अर्थही बदलतो, आणि इथे पाठ केलेले वाक्य सर्वांत जास्त फसवते. आधी राणी आणि मग एक्का, म्हणजे जिथे सांभाळणे आधीपासून चालू आहे तिथून काही देऊ केले जाते आहे. ज्याचे आयुष्य बसलेले आहे, घर लागलेले आहे, पैशांची घडी आहे, तो माणूस हात पुढे करतो आहे. ‘स्थिर जोडीदार’ हे वर्णन त्याला खरोखर लागू पडते. पण राणीच्या दोन्ही हातांत आधीच नाणे आहे. आता पुढे आलेला हात कोणता, आणि त्यासाठी तिने काय खाली ठेवले? दीर्घकाळ एकटे राहून सगळे नीट लावलेल्या माणसांकडे मी हे पुष्कळदा पाहिले आहे. त्यांच्या घरात पाणी, वीज, विमा, औषधे यांपैकी काहीच चुकत नाही. आणि येणाऱ्याला आपली पुस्तके ठेवायला एक कप्पा मिळत नाही, कारण प्रत्येक कप्प्याचा उपयोग ठरलेला असतो. राणी उलटी पडली तर वेट संशय आणि भीती सांगतात, आणि या प्रश्नावर मला तो अर्थ नेमका वाटतो: सांभाळणे टिकून आहे, पण ते आता नाणे जाईल या भीतीने. अशा माणसाकडे स्थैर्य आहे का, हे विचारण्यात अर्थ नाही, ते डोळ्यांना दिसतेच. त्याने या वर्षात स्वतःच्या लावलेल्या घडीतले काय हलवले, हे विचारावे. फर्निचर, सकाळची वेळ, बँकेतल्या खात्यावरचे नाव, काहीही चालेल. काहीच हलले नसेल तर एक्का अजून ढगातच आहे, आणि रीडरने तसे सांगावे.